नेहमीच्या ठिकाणी पाचशे गोण्या

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दहाव्याचे कार्ड, सगळं मीच जुळवते. आजवर किती जणांना मी 'दानशूर', 'कार्यसम्राट' आणि 'तरुणांचे आशास्थान' करून सोडलं, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. पासपोर्ट फोटोला कोट चिकटवायचं कामही माझंच. निम्म्या तालुक्याच्या अंगात मी कोट घातलाय, आणि तो एकच कोट आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला काकीचा फोन आला. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. आमचं गाव मुरबाडपासून वर, डोंगराच्या कुशीत. भात कापून झालं की काकी ओढ्याकाठच्या तुकड्यात भेंडी लावते, आणि होळीपर्यंत त्या भेंडीवर तिचं सगळं जग चालतं.

"गो, पाचशे रिकाम्या गोण्या पायजेत," ती म्हणाली. "सिमेंटच्या. पौर्णिमेच्या आत. ओढ्याचा पानी चाललाय. बंधारा नाय झाला तर माझी भेंडी गेली."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. ती फोनवर नेहमीच अशी बोलते, जणू समोर कुणी घड्याळ लावून बसलंय.

बंधारा म्हणजे फार मोठं काही नाही. रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची, आणि विटा रचतात तशा सांधे चुकवत त्या ओढ्यात आडव्या रचायच्या. पावसाळ्यानंतर पाणी वाहतं असतानाच ते करावं लागतं. ओढा आटल्यावर बंधारा घालून अडवायचं काय, वारा? जुन्या गोण्या उन्हानं फाटून चिंध्या झाल्या होत्या. पूर्वी बांधकामांवर रिकाम्या गोण्यांचे ढीग पडलेले असत. आता मोठ्या कामांवर तयार काँक्रीट घेऊन फिरते मिक्सर येतात, गोणी दिसतच नाही. त्यामुळे गोण्या मागायच्या तर चार ठिकाणी ओरडून मागायला हव्यात.

ओरडायचं कुठं, ते काकानं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तो एकटा नाही; अख्खी 'ओढा जलसंधारण समिती' घेऊन आला. काका अध्यक्ष. दुसरे एक उपाध्यक्ष, ज्यांचं पोट आणि मिश्या दोन्ही काकाहून मोठ्या. आणि तिसरे सचिव, निवृत्त गुरुजी, खिशाला अजून लाल पेन. समितीत एवढेच तिघे. सदस्य म्हणून कुणी नाहीच, सगळे पदाधिकारी.

"दोन ठिकाणी टाकायचा," काका म्हणाला. "एक त्या चिमणीवर आन एक त्या कोटवालीवर."

चिमणी म्हणजे ती छोट्या मजकुराची साइट. तिची चिमणी कधीच उडाली, नावही बदललं, पण आमच्याकडे ती चिमणीच. तिथं तहसीलदारापासून पत्रकारापर्यंत सगळे असतात, पण दोनशे ऐंशी अक्षरांच्या वर एक टिंब चालत नाही. पैसे भरणाऱ्यांना जास्त लिहू देतात म्हणे. आमची समिती फुकटातली. आणि कोटवाली म्हणजे नोकरीधंद्याच्या लोकांची साइट. तिथं प्रत्येक जण फोटोत कोट घालून बसलेला असतो. बिल्डर, इंजिनियर, कंपन्यांचे साहेब, सगळे तिथं. तिथं तीन हजार अक्षरं मिळतात. दोन्हीकडे काकाचं खातं मीच उघडून दिलं होतं; चिमणीवर समितीच्या नावानं, कोटवालीवर काकाच्या. कोटही मीच घातला होता.

गुरुजींनी खिशातून फुलस्केपचे दोन कागद काढले. वर 'श्री', खाली 'सप्रेम नमस्कार', मग गावाचा इतिहास, ओढ्याचा उगम, समितीची स्थापना. गोण्या दुसऱ्या कागदाच्या पाठीमागे होत्या.

"हे दोनशे ऐंशीत?" मी म्हटलं.

"बसवायचा. तू लग्नपत्रिकेत सतरा मामा बसवतेस," उपाध्यक्ष म्हणाले.

तो टोमणा मला लागला. लग्नपत्रिकेत मी खरंच सतरा मामा बसवले होते, आणि किलबिलही. मी टायपायला बसले.

पहिला धक्का बसला तो मोजणीचा. गुरुजींचा हिशेब असा की 'अध्यक्ष' म्हणजे तीन अक्षरं. चिमणीचा हिशेब वेगळा. ती काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं मोजते. जोडाक्षर असेल तर आतला पाय मोडल्याचंही एक. 'अध्यक्ष' तिच्या लेखी सात.

"सात?" काकाचा चेहरा खुलला. आपलं पद एवढं मोठं आहे हे त्याला नव्यानं कळलं.

"मग 'उपाध्यक्ष' किती?" उपाध्यक्षांनी विचारलं.

"नऊ."

काका उपाध्यक्षांकडे बघायला लागला. उपाध्यक्ष मिशीला हात लावून छताकडे बघायला लागले. अध्यक्षाहून उपाध्यक्ष दोन अक्षरांनी मोठा निघाला, ही गोष्ट काकाच्या आजही मनातून गेलेली नाही. गुरुजींचं 'सचिव' तर चारच भरलं. ते म्हणाले, "साधी राहणी," पण आवाज पडला होता.

मग कापाकापी सुरू झाली. इतिहास गेला. उगम गेला. स्थापना गेली, तेव्हा गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता सुटले. पण आमच्याकडे मजकूर कापता येतो, मान कापता येत नाही. प्रत्येक पदाआधी 'मा.' हवं. एकाला लावलं तर तिघांना लावायला हवं, आणि तिघांना लावलं तर ग्रामस्थांना निदान 'मंडळी' तरी हवं. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं, उरलेली अक्षरं दाखवणारं छोटं चक्र पिवळं व्हायचं, लाल व्हायचं, उणे आकडे दाखवायचं, आणि मागून तिघं ओरडायचे, "अगं भरला, भरला!" जणू मी टाकीच भरत होते.

दोन तासांनी हे तयार झालं:

'ओढा जलसंधारण समितीच्या वतीने समस्त दानशूर बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार आणि जाहीर नम्र विनंती. बंधाऱ्यासाठी पाचशे रिकाम्या सिमेंट गोण्या हव्यात. कार्तिकी पौर्णिमेपूर्वी नेहमीच्या ठिकाणी आणून द्याव्यात. आपलेच नम्र : मा. अध्यक्ष, मा. उपाध्यक्ष, मा. सचिव व समस्त ग्रामस्थ मंडळी.'

दोनशे चौऱ्याहत्तर. उरली सहा.

"यात मुरबाड कुठाय?" मी विचारलं. 'मुरबाड'ला बरोबर सहा लागतात, पण त्याच्या आधी एक मोकळी जागा सोडायची म्हणजे सात. एका अक्षरानं मुरबाड हुकत होतं.

"एक 'मा.' काढा ना कुणाचा तरी," मी म्हटलं.

तिघंही दुसऱ्या दोघांकडे बघायला लागले.

"बरं, 'आपलेच' मधला च काढते."

"च गेला की आपुलकी गेली," काका म्हणाला.

"शेवटचा पूर्णविराम काढते."

गुरुजी उभे राहिले. छत्तीस वर्षं पोरांना पूर्णविराम शिकवला, म्हणाले, आणि आता या वयात मी तो गिळू?

"आन मुरबाड कशाला पायजे?" काकानं निकाल दिला. "नेहमीच्या ठिकानी लिवलाय की. नेहमीचा ठिकान कोनाला ठाव नाय?"

आणि मी, एवढी वर्षं धंद्यात असलेली बाई, मान डोलावली! कारण गावच्या प्रत्येक बॅनरवर मीच छापत आले होते, 'स्थळ : नेहमीचे'. हळदीकुंकू असो, कबड्डीचे सामने असोत की सत्यनारायण, स्थळ नेहमीचंच. मारुतीच्या देवळाचा पार. आमच्या गावात ते सगळ्यांना माहीत असतं. चिमणीवर जग असतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. मी बटण दाबलं.

मग निघाली कोटवाली. तीन हजार अक्षरं म्हटल्यावर समितीच्या अंगात आलं. जे जे चिमणीनं कापलं होतं ते सगळं इथं वसूल करायचं ठरलं. उपाध्यक्षांचा भाचा कल्याणला कंपनीत आहे, त्यानं फोनवरून सांगितलं की तिथली भाषा वेगळी. तिथं प्रत्येक जण अभिमानानं सुरू करतो, मग अडचण सांगतो, मग त्या अडचणीनं आपल्याला काय शिकवलं ते सांगतो, आणि मधे मधे ओळी मोकळ्या सोडतो. मग काय विचारता! काका उभ्याउभ्या सांगायला लागला, मी टायपायला लागले:

'आपणा सर्वांना कळवताना अत्यंत अभिमान वाटतो की, ओढा जलसंधारण समितीच्या अध्यक्षपदाची जबाबदारी मी नम्रपणे स्वीकारली आहे.'

मग मोकळी ओळ. मग 'हा प्रवास सोपा नव्हता.' मग पुन्हा मोकळी ओळ. मग ओढ्यानं काकाला नेतृत्वाबद्दल काय शिकवलं याचे पाच मुद्दे. ओढा थांबत नाही. ओढा तक्रार करत नाही. ओढा वाट काढतो. मला मधेच वाटलं, अहो, तो थांबावा म्हणूनच तर आपण गोण्या मागतोय! पण काकाच्या डोळ्यांत पाणी होतं. उपाध्यक्षांनी एक परिच्छेद स्वतःवर घेतला. गुरुजींनी दोन घेतले आणि इतिहास परत आणला. गोण्या सगळ्यात शेवटी, आभाराच्याही खाली, एका ओळीत. त्या वेळी तीन हजारला फक्त तेवढीच ओळ उरली होती.

आता कोटवालीचं एक आहे. पोस्ट कितीही लांब असो, येणाऱ्या-जाणाऱ्याला वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकी सगळं 'आणखी पाहा' च्या मागे. आणि आणखी बघायला इथं कुणाला वेळ आहे? मला हे ठाऊक होतं. पण दोन तासांच्या चिमणीनंतर माझं डोकं इतकं उठलं होतं की मी म्हटलं, जा एकदाचे.

दुसऱ्या दिवशी काकाच्या फोनवर अभिनंदनाचा पूर आला. 'नवीन जबाबदारीबद्दल हार्दिक अभिनंदन!' 'योग्य व्यक्तीला योग्य पद!' पुण्याच्या एका साहेबानं लिहिलं, 'तुमची प्रगती बघून आनंद झाला.' काकाला तो ओळखत नव्हता, तोही काकाला ओळखत नव्हता. सहा-सात जणांनी नुसतंच 'इच्छुक' असं लिहून बायोडेटा जोडला होता. त्यांना वाटलं काका माणसं भरतोय. एकानं विचारलं, घरून काम चालेल का? एकानंही गोणीचं नाव काढलं नाही. काका मात्र अख्खा दिवस देवळाच्या पारावर बसून धन्यवाद, धन्यवाद लिहीत होता.

"गोण्या आल्या का?" मी फोनवर विचारलं.

"येतील गो. आधी लोकांना उत्तरा द्यायला नकोत?"

तिकडे काकीची भेंडी उगवून वर आली होती. चिमणीवर मात्र सहाव्या दिवशी चमत्कार झाला. एका पत्रकारानं आमची पोस्ट पुढे पाठवली होती, आणि शहापूरच्या एका बांधकामवाल्यानं खाली उत्तर दिलं होतं: 'दोनशे गोण्या नेहमीच्या ठिकाणी उतरवल्या आहेत.' पुढे हात जोडलेले.

समिती पाराकडे धावली. पारावर नेहमीचं कुत्रं होतं. पाराच्या मागे बघितलं, देवळात बघितलं, उपाध्यक्षांनी तर विहिरीत वाकून बघितलं. शेवटी काकानं मला फोन केला, आणि मी त्या उत्तराखालचा फोटो मोठा करून बघितला. गोण्यांचे गठ्ठे, मागे एक शेड, शेडवर पाटी, पाटीवर शहापूर तालुक्यातल्या कुठल्या तरी गावाचं नाव. बिचाऱ्याची काय चूक? तो दरवर्षी त्या गावाला बंधाऱ्यासाठी गोण्या द्यायचा. नेहमीच्या ठिकाणी असं वाचलं, आणि त्यानं आपल्या नेहमीच्या ठिकाणी पोचवल्या.

ती चूक माझी होती. समितीचं एक वेळ सोडा, त्यांना मान हवा होता. मजकूर जुळवणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती जीप करून किन्हवलीच्या रस्त्यानं शहापूरकडे निघाली. जाताना काका केवढा गरजला, "आपल्या गोन्या आपून आनल्याशिवाय यायचा नाय!" संध्याकाळी पाच वाजता ते परत आले. मी दुकानाच्या पायरीवर उभीच होते. जीपमधून आधी काका उतरला. अंगावर शाल. मग उपाध्यक्ष उतरले. अंगावर शाल. मग गुरुजी. शाल, आणि हातात तीन नारळ.

"गोण्या?" मी विचारलं.

"त्यांनी भरल्या," काका म्हणाला. "बंधारा झालासुदा. फार चांगली मानसा हायेत गो. आमी समितीची म्हटल्यावर त्यांना वाटला आमीच त्यांच्यासाठी गोन्या मागितल्या. सत्कार केला. माईक दिला."

"आणि तुम्ही काय बोललात माईकवर?"

काकानं शाल सावरली. "म्हटला, असाच सहकार्य राहू द्या."

मी हसू की रडू? उपाध्यक्ष म्हणाले की सत्काराच्या वेळी 'अध्यक्ष' आधी आणि 'उपाध्यक्ष' नंतर पुकारलं, तेव्हा काकाचं खुललेलं तोंड बघण्यासारखं होतं. मी त्यांना तिघांनाही पायरीवरून खाली उतरवलं आणि शटर अर्धं ओढलं. पौर्णिमेला सहा दिवस राहिले होते.

सकाळच्या पहिल्या एसटीनं काकी आली. काकी मुरबाडला येते ती डोळे तपासायला किंवा बियाणं घ्यायला; माझ्या दुकानात ती तेव्हा पहिल्यांदाच बसली. मागोमाग काका, शालीशिवाय.

"गोन्या आनायला गेलते, शाल घेऊन आले," काकी मला म्हणाली, पण ऐकवत होती काकाला. "ओढ्याला शाल पांघरू का आता? ढोपराएवढा होता पानी, आता घोट्याला आला. भेंडी दोन पानांवर हाय. आज सांगते तुला, ह्या वर्षी भेंडी गेली तर मी वाशिंदला कंपनीत डबे पॅक कराला जाईन. सकाळी सातची पाळी. मंग करा अभिनंदन."

काका खाली बघत होता. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेवटी जरा कापला. ती काकी, जिचा आवाज मी कधी कापलेला ऐकला नाही.

"काकी, तू बोल, मी लिहिते," मी म्हटलं. "पाडव्याला फोनवर बोललीस तसं."

ती बोलली. मी त्यात फक्त ठिकाण घातलं:

'मुरबाड तालुका. ओढ्यावर बंधारा घालायचाय. पाचशे रिकाम्या सिमेंटच्या गोण्या पायजेत. पौर्णिमेच्या आत. पाणी चाललंय, भेंडी दोन पानांवर हाय. मुरबाड एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सच्या दुकानात आणून द्या. नायतर कळवा, आमी न्यायला येतो.'

दोनशे वीस. चक्र पिवळंसुद्धा झालं नाही.

"काकी, अजून साठ अक्षरं उरली. काय घालू?"

"समितीला दे. मा. मा. करत बसतील."

काका हसला नाही. मग मी कोटवाली उघडली. आता खरा प्रश्न होता. हीच गोष्ट तिथं लांब करायची म्हणजे तिच्यात काय घालायचं? मान घालून आम्ही हात पोळून घेतले होते. मी विचार केला, तिथं वाचणारा कोण? इंजिनियर. साइटवरचा माणूस. त्याला काय लागेल? गोणी कसली हवी, फाटकी चालेल का, किती दिवसांत, नेणार कोण, आणि त्याच्या गोणीचं पुढे काय होणार. तेवढं घालायचं. आणि मागणी वर, अगदी पहिल्या ओळीत, 'आणखी पाहा' च्या आधी.

'पाचशे रिकाम्या सिमेंटच्या गोण्या हव्या आहेत, पाच दिवसांत, मुरबाडला. न्यायला आम्ही येऊ.' ही पहिली ओळ. मग लिहिलं की थोडी फाटकी चालेल, तळ शाबूत हवा. बंधारा कसा रचतात ते लिहिलं. मिक्सरमुळे गोण्या का मिळत नाहीत ते लिहिलं. मग थांबले. अजून काहीतरी राहिलं होतं.

"काकी, भेंडीचं काम कसं असतं, सांग ना."

"त्यात काय सांगायचा? सगली करतात."

"सगळी नाही करत. सांग."

मग ती सांगत गेली. भेंडी उजाडताच तोडायची, ऊन चढलं की ती मऊ पडते. एक दिवस आड तोडायची. दोन दिवस राहिली तर जून होते. हाताला खाज सुटते म्हणून जुन्या मोज्यांचे हातमोजे करायचे. बोटाएवढी वेगळी, मोठी वेगळी, वाकडी घरात. देठ मोडता कामा नये. टेम्पो यायच्या आत खोके भरून रस्त्यावर. सत्तावीस वर्षं. ताप असला तरी. मुलगी झाली तेव्हा फक्त चार तोडे चुकले.

मी ते तसंच लिहिलं. त्या साइटवर सगळे आपापला अनुभव लिहितात. म्हटलं, हा घ्या अनुभव. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. काकी म्हणाली, "एवढी मी?" आणि पदरानं उगाचच माझं टेबल पुसायला लागली.

खातं काकाचं होतं. वर काकाचा कोट. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "काका, हे तुमच्या नावानं जाणार. सुरुवातीला 'मा. अध्यक्ष' घालू?"

काकानं स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळी बोट ठेवून वाचल्या. ते चार तोडे त्यालाही आठवत असावेत. मग म्हणाला, "नको. शेवटी लिव, भेंडीवालीचा नवरा."

"हीपण 'जबाबदारी' नम्रपणे स्वीकारली का?" मी म्हटलं.

"टाक मुकाट्यानं," काका म्हणाला, आणि नाक शिंकरायला बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी वाशिंदच्या एका साइटवरून कोटवालीवर निरोप आला. तिथल्या इंजिनियर बाईंनी लिहिलं होतं, काँक्रीट मिक्सरनं येतं, पण प्लास्टरला आणि लाद्यांना अजून गोणीतलंच सिमेंट लागतं. तीनशे गोण्या बाजूला काढल्या आहेत, या. टेम्पो गेला आणि घेऊन आला. आणि चौथ्या दिवशी दुकानासमोर एक पिकअप थांबली. आतून दहा-बारा माणसं उतरली, शहापूरकडची. चिमणीवर काकीचे शब्द वाचले, तेव्हा त्यांना कळलं की सत्कार कुणाचा केला आणि गोण्या कुणाच्या वापरल्या. पुन्हा त्याच बांधकामवाल्याकडून दोनशे गोळा करून आणल्या होत्या, फावडी घेऊन स्वतः राबायलाही आले होते. काकानं लगेच नारळ काढले. त्यांचेच तीन नारळ.

कोटवालीवर एका मोठ्या फार्मच्या साहेबानं विचारलं होतं, 'या बाई आमच्याकडे शेत-व्यवस्थापक म्हणून येतील का? बायोडेटा पाठवावा.' मी काकीला वाचून दाखवलं.

"सांग त्याला, येळ नाय," काकी म्हणाली. "गोन्या शिवायच्यात."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बंधारा उभा राहिला. आणि त्याच दिवशी समिती पुन्हा समितीसारखी वागली. उद्घाटनाला फ्लेक्स हवा. पंधरा बाय दहा. मी छापला, काय करणार, धंदा आहे. त्यावर मा. अध्यक्ष, मा. उपाध्यक्ष, मा. सचिव, तिघंही माझ्या त्याच कोटात. वर आजी-माजी सगळे, खाली शुभेच्छुक म्हणून अख्खं गाव. अक्षरांची मर्यादा नाही म्हटल्यावर गुरुजींनी ओढ्याचा उगमही घातला. काकी कुठंच नव्हती. "काकीचा फोटो?" मी विचारलं होतं. "खाली जागा नाय उरली," उपाध्यक्ष म्हणाले. पंधरा बाय दहामध्ये! माझं डोकं असं फिरलं म्हणता! स्थळ मात्र या वेळी पूर्ण छापलं, तालुक्यासकट, न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ओढ्यावर जमले. नारळ फुटला. गुरुजी प्रास्ताविकाला उभे राहिले. आणि काकी, जी बंधाऱ्यालगत पाण्यात उभी होती, ओरडली, "झिरपतंय!"

खरंच झिरपत होतं. गोण्यांच्या सांध्यांतून पाणी खालच्या अंगाला चालत होतं. मधे घालायला प्लास्टिकचा कागद हवा होता, तो कुणी आणलाच नव्हता. इकडे गुरुजी उगमापाशी पोचले होते, तिकडे पाणी निघालं होतं.

काकीनं इकडेतिकडे बघितलं. मग ती सरळ चालत फ्लेक्सपाशी गेली, आणि विळ्यानं दोऱ्या कापल्या. चारही.

"अगो, काय करतेस!" उपाध्यक्ष ओरडले.

तिनं फ्लेक्स पाण्याकडे ओढला. शहापूरच्या दोघांनी फ्लेक्सची टोकं धरली, दोन बायकांनी खालची कड धरली, आणि पाण्याच्या अंगानं तो अख्खा फ्लेक्स बंधाऱ्याला लावला, वर गोण्या ठेवून दाबला. चेहरे पाण्याकडे. मा. उपाध्यक्ष सगळ्यात आधी बुडाले, मिश्यांसकट. आजी-माजी गेले. शुभेच्छुक गेले. काका काठावरून स्वतःला बुडताना बघत होता. त्याचा कोट पाण्याखाली गेला, गळा गेला, हनुवटी गेली.

"निदान सरळ तरी लाव गो," तो एवढंच म्हणाला, आणि चप्पल काढून स्वतःच पाण्यात उतरला, आपल्याच तोंडावर गोणी ठेवायला.

झिरपणं थांबलं. आम्ही सगळे बघत उभे होतो. पाणी घोट्यावरून वर चढलं, काकीच्या पोटरीपर्यंत आलं, मग तिच्या ढोपराला लागलं. तिनं लुगडं वर खोचलं नाही. भिजू दिलं.

मी फोटो काढला आणि चिमणी उघडली. समिती माझ्याभोवती गोळा झाली, ओली.

"काय लिहू?" मी काकीला विचारलं.

"पानी अडला, लिव."

मी लिहिलं, 'पाणी अडलं.' दहा अक्षरं, गुरुजींच्या पूर्णविरामासकट. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "आन कोटवालीवर?" त्यानं विचारलं. "तिथं तीन हजार हायेत."

"तिथं पन तेवढाच," काकी म्हणाली, आणि पाण्यातून बाहेर येऊन भेंडीला पाणी सोडायला गेली.